कार्यालयांना पाठवायचे योगसत्रांच्या सहयोगाचे प्रस्तावपत्र: मसुद्यावर मते हवी आहेत

वर्गचालिका

आमचा योगवर्ग अनेक वर्षे नियमित चालू आहे आणि आता कार्यालयांमध्ये जाऊन तेथील कर्मचाऱ्यांसाठी सत्रे घ्यावीत असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी जे प्रस्तावपत्र पाठवायचे आहे त्याचा मसुदा तयार आहे. पहिले पत्र ज्या कार्यालयाला जाईल तेथे सुमारे २४० कर्मचारी आहेत, बहुतेकांचे काम दिवसभर संगणकासमोर बसून चालते, आणि त्यांच्याकडे ६० चौरस मीटरचे एक प्रशिक्षण दालन आहे. मसुद्यातील मुख्य परिच्छेद असा:

"योगाभ्यासामुळे तणाव कमी होतो, आजारपणाच्या रजा घटतात आणि कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता वाढते. आमचे अनुभवी प्रशिक्षक आपल्या कार्यालयात आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दीड वाजता, एक तासाचे सत्र घेतील. प्रत्येक सत्रात ३० कर्मचारी सहभागी होऊ शकतील. आपण आमच्याशी एक वर्षाचा करार करावा अशी विनंती आहे."

हे दावे पुरेसे ठोस वाटतात का, आणि पहिल्याच पत्रात वर्षभराचा करार मागावा का, या दोन गोष्टींवर मुख्यतः मत हवे आहे.

आकडेमोड

दावे ठोस नाहीत, आणि याच ठिकाणी पत्र कमी पडेल असे मला वाटते. व्यवस्थापनाला "यातून आम्हाला काय मिळणार" या प्रश्नाचे उत्तर पहिल्या चार ओळींत हवे असते. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारखर्चात तीन डॉलरहून अधिक बचत होते असे एका प्रसिद्ध अभ्यासात आढळले आहे. तो आकडा पत्रात ठळकपणे घाला. रजा किती टक्क्यांनी घटतील तेही लिहा. आकड्यांशिवाय वित्त विभाग पत्र पुढे सरकू देत नाही.

नीलकंठ

आकडेमोड यांचा पहिला मुद्दा रास्त आहे: कार्यालयाला काय मिळणार हे पत्राने लवकर सांगितलेच पाहिजे. मात्र त्यांनी सुचवलेला आकडा घालू नये, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक प्रस्तावपत्रात तो आकडा या ना त्या रूपात दिसतो.

एका डॉलरमागे सुमारे ३.२७ डॉलर बचत हा निष्कर्ष २०१० साली हेल्थ अफेअर्स या नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यातला आहे. कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग हे त्याचे लेखक. पुढे याच तिघांपैकी साँग आणि बेकर यांनी एका मोठ्या अमेरिकी विक्रीसाखळीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही ठिकाणे निवडून तेथे आरोग्य कार्यक्रम राबवला आणि उरलेल्या ठिकाणांशी तुलना केली. १६० ठिकाणे आणि सुमारे ३३,००० कर्मचारी असा तो व्याप होता आणि निष्कर्ष २०१९ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आले. दीड वर्षानंतर लोकांनी स्वतः सांगितलेल्या व्यायामाच्या व वजनाकडे लक्ष देण्याच्या सवयी सुधारलेल्या होत्या, पण रक्तदाबासारख्या मोजमापांत, उपचारांच्या खर्चात किंवा गैरहजेरीत लक्षणीय फरक पडलेला नव्हता.

दोन्ही निष्कर्षांत एवढे अंतर का पडते, हे इलिनॉय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासातून चांगले कळते. तोही २०१९ सालीच प्रसिद्ध झाला. तेथे असे दिसले की जे आपणहून अशा कार्यक्रमात येतात त्यांचा उपचारखर्च कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच इतरांपेक्षा कमी होता. म्हणजे येणारे आणि न येणारे यांची नुसती तुलना केली तर मुळात असलेला फरक कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होतो. हे दोन्ही कार्यक्रम केवळ योगाचे नव्हते, त्यामुळे योगाचा उपयोग नाही असा त्यांचा अर्थ काढता येत नाही. परंतु रजा घटतील असे लिहून देण्यास त्यांनी आधार ठेवलेला नाही. ज्या कार्यालयात वाचन करणारे मनुष्यबळ अधिकारी आहेत तेथे हा एकच दावा संपूर्ण पत्राची विश्वासार्हता घालवतो. आणि समजा कोणी तो मान्य केला, तर सहा महिन्यांनी रजांचा तक्ता आपल्यासमोर ठेवला जाईल. फ्लूची एक साथ येऊन गेली तरी तो तक्ता आपल्याविरुद्ध बोलेल.

आकडेमोड

२०१९ चा अभ्यास मला माहीत नव्हता. तरीही विचारतो, मग पत्रात लिहायचे काय? "योग चांगला असतो" एवढ्यावर कोणी सह्या करत नाही.

नीलकंठ

ज्याला आधार आहे तेवढेच लिहावे, आणि तेही मोजक्या शब्दांत. दीर्घकाळच्या कंबरदुखीबाबत, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१७ चा आढावा आहे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालींत तीन व सहा महिन्यांनंतर थोडी ते मध्यम सुधारणा दिसते, असे तो म्हणतो. त्याच आढाव्यात काही जणांची पाठदुखी योगाने वाढल्याचेही नमूद आहे, म्हणून तीही बाजू झाकू नये. दिवसभर बसून काम करणाऱ्या कार्यालयाला कंबर, मान आणि खांदे यांच्याबद्दलचे एक साधे वाक्य रजेच्या टक्केवारीपेक्षा अधिक पटते, कारण पत्र वाचणाऱ्याची स्वतःची मान बहुधा दुखत असते.

याशिवाय जे आपल्या हातात आहे त्याचे वचन द्यावे. प्रशिक्षक वेळेवर येईल, ठरलेली सत्रे पूर्ण होतील, हजेरीचा खरा अहवाल मिळेल, आणि प्रकृतीची माहिती आधी विचारल्याशिवाय कोणालाही मॅटवर घेतले जाणार नाही. ही वचने लहान दिसतात, पण पाळता येतात आणि तपासता येतात.

मनुष्यबळ_विभाग

अशी पत्रे ज्यांच्या टेबलावर येतात त्यांपैकी मी एक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. पत्र माझ्याकडे येते, पण निर्णय माझा एकटीचा नसतो. दालनाचे वेळापत्रक प्रशासन विभागाकडे असते, बिलाचा प्रश्न वित्त विभागाकडे जातो, आणि एखाद्याला दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची हे विधी विभाग विचारतो. या तिघांच्या प्रश्नांची उत्तरे पत्रात नसतील तर ती मला शोधावी लागतात आणि पत्र मागे पडते. म्हणून मुख्य पत्र एका पानाचे ठेवावे आणि जागा, शुल्क व सुरक्षितता यांची माहिती दुसऱ्या पानावर जोडावी, म्हणजे मला ते पान जसेच्या तसे पुढे पाठवता येते.

वर्षभराचा करार पहिल्या पत्रात मागू नये. वर्षाच्या कराराला वरिष्ठांची मंजुरी लागते, तर आठ आठवड्यांचा प्राथमिक टप्पा बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखाच्या अधिकारात बसतो.

दुपारी दीडची वेळ मात्र चालणार नाही. लोक त्या सुमारास जेवतात किंवा नुकतेच जेवलेले असतात. शिवाय एक तासाचे सत्र म्हणजे कपडे बदलणे, हातपाय धुणे आणि जागेवर परतणे धरून सव्वा तास होतो. पहिल्या आठवड्यात तो कोणाला जाणवत नाही. तिसऱ्या आठवड्यात एखादी मिटिंग त्यावर येते आणि मग येणे थांबते.

अभ्यासवर्ग

वेळेबद्दल पूर्ण सहमत आहे. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास तरी आसने टाळावीत हे आपण वर्गात सांगतो आणि कार्यालयात गेल्यावर तेच विसरतो. माझ्या मते कामाची वेळ सुरू होण्याआधी किंवा जेवणाच्या सुट्टीपूर्वी ४० मिनिटांचे सत्र ठेवावे, आणि कपडे बदलावे लागणार नाहीत अशा हालचाली निवडाव्यात. उभ्याने ताडासन, कटिचक्रासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, खुर्चीवर बसून मानेच्या व खांद्यांच्या हालचाली, शेवटी भ्रामरी आणि पाच मिनिटे शवासन, एवढ्यात ४० मिनिटे सहज भरतात.

एक सूचना: पत्र २१ जूनच्या आधी पोहोचवा. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली आंतरराष्ट्रीय योग दिवस जाहीर केल्यापासून अनेक कार्यालये त्या सुमारास स्वतःहून प्रशिक्षक शोधतात. त्या दिवशी मोठी उपस्थिती मिळाली की पुढचा करार सोपा होतो.

मनुष्यबळ_विभाग

त्या दिवशी उपस्थिती मिळते हे खरे, पण पुढचा करार सोपा होतो हे माझ्या पाहण्यात नाही. एका दिवसाच्या कार्यक्रमाला विभागप्रमुख येतात, म्हणून सगळे येतात. त्या गर्दीवरून नियमित सत्राला कोण येईल हे कळत नाही, आणि कार्यालयाच्या नोंदीत तो खर्च "समारंभ" म्हणून पडतो. नियमित सत्रांचा प्रस्ताव हवा असेल तर पत्र त्या दिवसाशी न जोडणे बरे.

घरूनकाम

आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या संस्थेचे कार्यालयच नाही, सर्वजण घरून काम करतात. अशा ठिकाणी योगवर्गाने पडद्यावरून सत्र घेण्याचा प्रस्ताव दिला तर तो स्वीकारावा का? मला स्वतःला काचबिंदू आहे आणि डॉक्टरांनी डोके खाली जाणारी आसने करू नका असे सांगितले आहे. पडद्यापलीकडच्या प्रशिक्षकाला हे कसे कळणार?

नीलकंठ

तुमचे उदाहरण या पत्रासाठी फार उपयोगाचे आहे. काचबिंदू असणाऱ्याने शीर्षासनच नव्हे, तर अधोमुख श्वानासनासारखे सोपे वाटणारे आसनही टाळावे, कारण डोके खाली गेले की डोळ्यातील दाब वाढतो. डॉक्टरांचे सांगणे पाळाच. कार्यालयीन सत्रात असे एक-दोन जण असतातच, आणि ते शेवटच्या रांगेत गप्प उभे राहतात, कारण आपली प्रकृती सहकाऱ्यांसमोर सांगणे कोणालाही नको असते.

म्हणून पहिल्या सत्रापूर्वी प्रत्येकाकडून एक छोटी प्रश्नावली भरून घ्यावी: नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अलीकडील शस्त्रक्रिया, गर्भारपण, मणक्याचा त्रास. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर कपालभाती घ्यायची नाही, मणक्याच्या चकतीचा त्रास असेल तर पुढे वाकणे टाळायचे, एवढे प्रशिक्षकाने त्यावरून ठरवायचे असते.

आता खरा प्रश्न हा कागद कोणाकडे राहतो याचा आहे. तो मनुष्यबळ विभागाकडे जाणार असे कळले तर लोक सर्व रकान्यांत "नाही" लिहितात, कारण बढती आणि प्रकृती यांचा संबंध जोडला जाईल अशी त्यांना भीती असते. मग प्रश्नावली असूनही प्रशिक्षक अंधारातच राहतो. पत्रात स्पष्ट लिहावे की उत्तरे केवळ प्रशिक्षक पाहील आणि कार्यालयाला ती कोणत्याही स्वरूपात मिळणार नाहीत.

पडद्यावरून सत्र घेता येते, पण प्रशिक्षकाला प्रत्येकाचे पूर्ण शरीर दिसले पाहिजे, आणि एका पडद्यावर असे दहा-बाराहून अधिक जण नीट पाहता येत नाहीत. कॅमेरा बंद ठेवून पन्नास जणांना घेणाऱ्या प्रस्तावाला नाही म्हणावे.

वर्गचालिका

सर्वांचे आभार. रजेचा दावा आणि वर्षाचा करार दोन्ही काढते. एक शंका आहे: प्रत्येक सत्रात ३० जण हा आकडाही जास्त आहे का? दालन ६० चौरस मीटरचे आहे, म्हणजे माणशी दोन चौरस मीटर मिळतात, आणि मॅट तर जेमतेम एक चौरस मीटरचीच असते.

अभ्यासवर्ग

मॅट साधारण १७३ बाय ६१ सेंटीमीटरची असते, त्यामुळे हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण दोन्ही हात बाजूला पसरले की माणूस मॅटच्या बाहेर जातो. शेजाऱ्याला हात लागू नये आणि प्रशिक्षकाला मधून फिरता यावे यासाठी मी माणशी तीन चौरस मीटर धरते. प्रशिक्षण दालनातील टेबले भिंतीला लावली तर ६० पैकी सुमारे ४८ चौरस मीटर मोकळे राहतील. म्हणजे १६ जागा, त्यातली एक प्रशिक्षकाची. पत्रात १५ लिहा, आणि टेबले कोण हलवणार हेही लिहा. हा क्षुल्लक वाटणारा मुद्दा राहून गेला की पहिली दहा मिनिटे टेबले ओढण्यात जातात.

मनुष्यबळ_विभाग

हजेरीच्या अहवालाबद्दल एक विनंती. योगवर्ग आम्हाला एकूण हजेरीचा आकडा देतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. समजा १६ सत्रांची एकूण हजेरी १४४ आली. नऊच माणसे सर्व सत्रांना आली तरी १४४ होतात, आणि ४८ माणसे प्रत्येकी तीनदा येऊन थांबली तरी १४४च होतात. पहिल्या बाबतीत थोड्या लोकांना सवय लागली आहे, तेव्हा आणखी एक गट कसा मिळवायचा याचा विचार करावा लागेल. दुसऱ्या बाबतीत उत्सुकता भरपूर आहे, पण वेळ किंवा सत्राची पद्धत लोकांना मानवलेली नाही. म्हणून किती जण आले आणि त्यांपैकी १६ मध्ये किमान १० सत्रांना किती जण आले, हे दोन आकडे द्या. नावे देऊ नका. नावे दिली की एखादा विभागप्रमुख ती मूल्यमापनाच्या वेळी काढतो, मग येणे ऐच्छिक राहत नाही.

वर्गचालिका

सर्व सूचना धरून नवा मसुदा असा झाला आहे:

"विषय: कर्मचाऱ्यांसाठी आठ आठवड्यांच्या योगसत्रांचा प्रस्ताव.

आपल्या कार्यालयातील बहुतेक काम बसून चालते आणि त्यामुळे मान, खांदे व कंबर यांच्यावर येणारा ताण आपल्याला परिचित असेल. हा ताण हलका करण्यासाठी आपल्याच प्रशिक्षण दालनात आठवड्यातून दोनदा, ४० मिनिटांची, एकूण १६ सत्रे घेण्याचा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. सत्रे कामाच्या वेळेपूर्वी किंवा जेवणाच्या सुट्टीआधी घेता येतील. कपडे बदलण्याची आवश्यकता नाही. दालनात एका वेळी १५ जण सुरक्षितपणे अभ्यास करू शकतील. मॅट आम्ही आणू. टेबले हलवून ठेवण्याची व्यवस्था कार्यालयाने करावी.

सहभाग पूर्णतः ऐच्छिक असावा. प्रत्येक सहभागी प्रकृतीविषयी एक प्रश्नावली भरेल आणि ती केवळ प्रशिक्षकाकडे राहील. कोणाचेही छायाचित्र त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय घेतले किंवा वापरले जाणार नाही. आजारपणाच्या रजा किंवा उपचारखर्च घटेल असे आश्वासन आम्ही देत नाही. आठव्या आठवड्याअखेर एकूण सहभागी किती व किमान १० सत्रांना उपस्थित किती, याचा नावे वगळलेला अहवाल आम्ही देऊ, आणि पुढे चालू ठेवावे की नाही हे आपण त्यावरून ठरवावे.

शुल्क प्रत्येक सत्रासाठी ठरावीक राहील, उपस्थितांच्या संख्येवर अवलंबून नसेल. आदल्या दिवशी कळवलेले सत्र पुढे घेतले जाईल, त्याच दिवशी रद्द झालेल्या सत्राचे शुल्क आकारले जाईल. प्रशिक्षकाची पात्रता, विम्याची माहिती, जागेची मांडणी आणि प्रश्नावलीचा नमुना सोबत जोडला आहे. याबाबत २० मिनिटांची भेट मिळावी ही विनंती."

मनुष्यबळ_विभाग

हे पत्र मी त्याच दिवशी पुढे पाठवले असते. रजा घटण्याचे आश्वासन देत नाही हे वाक्य काढू नका, त्यामुळे बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. शुल्काच्या कलमावर मात्र वित्त विभाग अडेल. सहाव्या आठवड्यात चारच जण आले तर पूर्ण शुल्क का द्यायचे, असे ते विचारतील. माणशी शुल्क ठेवता येणार नाही का?

अभ्यासवर्ग

माणशी शुल्क मला अन्यायाचे वाटते. कार्यालयाने त्याच वेळेला मिटिंग लावली म्हणून लोक आले नाहीत, तर त्याचा भुर्दंड प्रशिक्षकाने का सोसावा? प्रशिक्षक प्रवास करून आलेला असतो आणि त्याची ती वेळ दुसऱ्या कोणाला दिलेली नसते.

आकडेमोड

मग मधला मार्ग काढता येईल. शुल्क ठरावीक राहावे, पण सलग तीन सत्रांना पाचपेक्षा कमी जण आले तर दोन्ही पक्षांनी बसून वेळ बदलावी किंवा उरलेली सत्रे थांबवावीत, आणि थांबवल्यास पुढील शुल्क लागू नये. वित्त विभागाला आपली जोखीम कुठे थांबते हे दिसले की ते सहसा मान्य करतात.

अभ्यासवर्ग

तीन सत्रे म्हणजे जेमतेम दीड आठवडा. महिनाअखेरीची गडबड असेल तर एवढ्यावरून निर्णय घेणे घाईचे होईल. मी पाच म्हणेन.

वर्गचालिका

हे कलम मी तीन आणि पाच अशा दोन्ही प्रकारे लिहून ठेवते आणि भेटीत त्यांच्या वित्त विभागाचे म्हणणे ऐकून ठरवते. पत्रात सध्या "उपस्थिती सातत्याने कमी राहिल्यास दोन्ही पक्ष मिळून पुनर्विचार करतील" एवढेच ठेवते. प्रश्नावलीचा नमुना पूर्ण झाला की याच धाग्यावर देईन. नीलकंठ यांनी त्यातील आजारांची यादी एकदा तपासून द्यावी ही विनंती.

नीलकंठ

अवश्य द्या. त्यात शेवटी "प्रशिक्षकाने आणखी काय जाणून घ्यावे असे आपल्याला वाटते" असा एक मोकळा रकाना ठेवा. गुडघ्याचे जुने दुखणे किंवा चक्कर येण्याची सवय लोक यादीतल्या चौकटींत खूण करून सांगत नाहीत, पण अशा मोकळ्या जागेत लिहितात.